चिंगीची ओली हनुवटी: फोटोवरून गिनी पिग आणि हॅमस्टरची प्रकृती कशी ओळखावी

मागच्या जानेवारीत नाशिकच्या माझ्या मामेबहिणीने तिच्या तीन वर्षांच्या गिनी पिगचा, चिंगीचा, फोटो पाठवला आणि खाली दोन प्रश्न लिहिले: "ताई, हिच्या डोळ्यात पांढरं पाणी आलंय आणि कानामागचे केस गेलेत. हिला काय झालं असेल?" फोटो सकाळी खिडकीजवळ काढलेला होता, उजेड चांगला होता आणि चिंगी आडवी, म्हणजे बाजूने दिसत होती. तिने विचारलेल्या दोन्ही गोष्टी निरोगी गिनी पिगमध्येही असतात, त्यामुळे त्यांची चिंता नव्हती. मात्र तिने न विचारलेली एक गोष्ट त्याच फोटोत होती: चिंगीची हनुवटी आणि गळ्याचा वरचा भाग ओला होता आणि तिथल्या केसांचे बारीक झुपके झाले होते. फोटो पाहताना नेमके असेच घडते. जे ठळक दिसते ते बहुतेक वेळा स्वाभाविक असते, आणि जे खरोखर आजाराचे असते ते कोपऱ्यात, बारीक आणि सहज नजरेआड होणारे असते.

याचे कारण या प्राण्यांच्या स्वभावात आहे. गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांचा आणि आपल्याकडे सर्वाधिक पाळला जाणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरचा. दोघेही इतर प्राण्यांचे भक्ष्य. कळपात किंवा उघड्यावर जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते, म्हणून हे प्राणी दुखणे शक्य तितके झाकतात. कुत्रा दुखऱ्या पायाने लंगडत आपल्याजवळ येतो. गिनी पिग मात्र दाढ दुखत असतानाही तुम्ही जवळ गेलात की ताठ उभा राहतो आणि काकडीचा तुकडा तोंडात घेतो. तो चावून गिळतो की खाली टाकतो, हे पाहायला आपण सहसा थांबत नाही. त्यामुळे फोटोत एकच एक खूण शोधून निदान करण्याऐवजी केस, डोळे आणि बसण्याची ढब या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे पाहावे लागते.

त्याआधी फोटो स्वतः काय बिघडवतो हे लक्षात घ्यायला हवे, कारण घरच्या फोटोंतले निम्मे गैरसमज तिथूनच येतात. फ्लॅश मारला की डोळ्यातून लाल प्रकाश परत येतो आणि बुबुळावरचा धूसरपणा त्या चकाकीत लपून जातो. पिवळ्या दिव्याखाली पांढरे केस आजारी, पिवळट वाटतात. मोबाइलमधील चेहरा गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली असेल तर विस्कटलेले केसही मऊ दिसतात, आणि मागची बाजू धूसर करणारी सोय अंगाच्या कडेचे केस त्या धूसरपणात मिसळून टाकते, त्यामुळे अंग फुगले आहे की नाही हे कळेनासे होते. फोन अगदी जवळ नेऊन समोरून फोटो काढला तर नाक मोठे आणि मागचा भाग बारीक दिसतो, आणि धष्टपुष्ट प्राणीही रोडावल्यासारखा वाटतो. म्हणून मी नेहमी तीन फोटो मागते: प्राण्याच्या उंचीवर फोन धरून बाजूने एक, चेहऱ्याचा एक आणि थेट वरून एक. तिन्ही फोटो दिवसाच्या उजेडात आणि फ्लॅशशिवाय असावेत. हॅमस्टर रात्री जागणारा प्राणी असल्याने त्याचे फोटो तो स्वतःहून घरट्याबाहेर आल्यावर, म्हणजे साधारण रात्री आठनंतर, उजळ पण डोळ्यांवर न येणाऱ्या दिव्यात काढावेत. दुपारी झोपेतून उठवलेल्या हॅमस्टरचे डोळे बारीक असतात, कान मागे दुमडलेले असतात आणि केस विस्कटलेले असतात. तो निरोगी असला तरी असाच दिसतो.

आता केसांकडे येऊ. आखूड केसांच्या निरोगी गिनी पिगचे केस अंगासरसे बसलेले असतात आणि उजेडात त्यांच्यावर एक सलग चमक दिसते. ॲबिसिनियन जातीच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि पेरुव्हियन जातीचे केस जमिनीपर्यंत लोळतात, त्यामुळे "केस उभे आहेत" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्याच प्राण्याचा महिन्याभरापूर्वीचा फोटो शेजारी ठेवावा लागतो. आजारी प्राण्याचे केस दोन कारणांनी बिघडतात. अंगात कणकण असेल किंवा दुखत असेल तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आखडतो, केस उभे राहतात आणि अंग फुगल्यासारखे दिसते, जसे थंडीत आपल्या अंगावर काटा येतो. दुसरे असे की, दुखणारा प्राणी स्वतःला चाटून, पंजांनी विंचरून स्वच्छ ठेवणे सोडून देतो. त्यामुळे केस तेलकट, झुपक्याझुपक्यांचे दिसतात आणि त्यांच्यात गवताच्या काड्या तशाच अडकून राहतात. पहिली अवस्था काही तासांत दिसू शकते, दुसरी दिसायला काही दिवस लागतात. चिंगीच्या फोटोत पाठीवरचे केस किंचित उभे होते आणि कमरेजवळ गवताची एक काडी अडकलेली होती. एरवी मी त्याकडे दुर्लक्ष केले असते, पण ओल्या हनुवटीसोबत त्या काडीचे वजन वाढले.

कानामागची टक्कल पडलेली जागा मात्र निर्धोक होती. प्रत्येक गिनी पिगच्या दोन्ही कानांमागे बोटाच्या पेराएवढी केसविरहित जागा जन्मापासून असते; गडद त्वचेच्या प्राण्यात ती उठून दिसते आणि मालकाला ती एखाद्या दिवशी अचानक लक्षात येते. तिची त्वचा गुळगुळीत असेल, कोंडा किंवा खपली नसेल आणि दोन्ही बाजूंना ती सारखी असेल तर तिची काळजी करण्याचे कारण नाही. हॅमस्टरच्या बाबतीत असाच घोळ ग्रंथींमुळे होतो. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर, मांड्यांच्या जरा वर, एकेक गडद, कधी तेलकट, कधी किंचित खडबडीत ठिपका असतो. त्या वासाच्या ग्रंथी आहेत. नरांत त्या मोठ्या असतात आणि केस बाजूला झाले की चामखिळीसारख्या दिसतात. बुटक्या जातींत अशी एकच ग्रंथी पोटाच्या मधोमध, बेंबी असावी तशी, पिवळसर दिसते. दोन्ही कुशींवरचे ठिपके सारखे असतील तर स्वस्थ राहावे. एकच वाढला असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा त्यावर खपली धरली असेल तर तो डॉक्टरांना दाखवावा. बुटक्यांपैकी विंटर व्हाइट जातीचे केस दिवस लहान झाले की पांढरे होऊ लागतात, तोही आजार नव्हे.

केस गळण्याची जागा आणि आकार फोटोत नीट दिसतात, आणि त्यांवरून पुष्कळ काही कळते. गिनी पिगच्या नाकावर, डोळ्यांभोवती किंवा कानाच्या कडेला कोंडा धरलेला गोलसर टकला भाग दिसला तर गजकर्णाची शंका घ्यावी. ही बुरशी माणसालाही लागते, म्हणून मुलांना त्या प्राण्याला हात लावू देऊ नये आणि आपण हात लावल्यास साबणाने धुवावेत. पाठीच्या मागच्या भागावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा केस गेलेला पट्टा, जाड झालेली पिवळट त्वचा आणि ओरखडे दिसले तर ट्रिक्सॅकॅरस नावाच्या त्वचेत बिळे करणाऱ्या किड्याची शक्यता असते. त्याची खाज इतकी भयंकर असते की प्राण्याला खाजवता खाजवता झटके येऊ शकतात, त्यामुळे यात दिवस घालवू नयेत. दोन्ही कुशींवर अगदी आरशातल्या प्रतिबिंबासारखे सारखे टक्कल पडले असेल, त्वचा स्वच्छ असेल आणि प्राणी दोन वर्षांपुढची मादी असेल, तर अंडाशयात पाण्याच्या गाठी झाल्या असण्याचा संभव असतो आणि त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. केस मुळापासून न जाता कात्रीने कापल्यासारखे खुंट राहिले असतील, तर बहुधा पिंजऱ्यातला सोबती ते चावतो आहे.

डोळ्यांच्या बाबतीत आधी त्या पांढऱ्या पाण्याचा उलगडा करायला हवा. गिनी पिग आपले तोंड धुण्यासाठी डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्रव सोडतो, तो पुढच्या पंजांवर घेतो आणि चेहऱ्यावर फिरवतो. हा द्रव पातळ असतो, काही क्षण दिसतो आणि पंजा फिरला की नाहीसा होतो. नेमक्या त्याच क्षणी फोटो निघाला तर डोळ्यात पू भरल्यासारखे दिसते. खात्री करायची असेल तर दोन मिनिटांनी दुसरा फोटो काढावा. पांढरेपणा गेला असेल आणि डोळा टपोरा, ओलसर, चकचकीत असेल तर तो तोंड धुण्याचाच द्रव होता. पू असेल तर तो पिवळट, घट्ट असतो, पापण्यांच्या केसांना चिकटतो आणि सुकून खपली होतो. नाकपुड्यांशीही तशीच खपली असेल तर श्वसनमार्गाच्या संसर्गाचा धोका मानावा. गिनी पिगमध्ये असा संसर्ग फुप्फुसापर्यंत झपाट्याने उतरू शकतो. आणखी एक बारकावा असा की, आजारी गिनी पिग नाकातला स्राव पुढच्या पायांच्या आतल्या बाजूने पुसत राहतो, त्यामुळे तिथले केस चिकट, मळकट दिसतात. फोटोत नाक स्वच्छ असूनही पुढचे पाय मळलेले असतील तर ही शक्यता विसरू नये.

बुबुळावर निळसर पांढरा धूसर ठिपका दिसला आणि डोळा मिटत असेल तर बहुधा सुक्या गवताची काडी लागून बुबुळाला जखम झाली आहे. गवतात तोंड खुपसून खाणाऱ्या प्राण्यात हे वारंवार होते. अशा वेळी घरातले, कुणा माणसाला पूर्वी दिलेले डोळ्यांचे थेंब घालण्याचा मोह आवरावा, कारण त्यांत स्टेरॉइड असेल तर जखम भरण्याऐवजी खोल होते. म्हाताऱ्या हॅमस्टरचा एखादा डोळा झोपेतून उठल्यावर चिकटलेला असतो. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने तो हळूच पुसून मोकळा करता येतो, पण रोजच तसे होऊ लागले तर तपासणी हवी. हॅमस्टरचे डोळे मुळातच बाहेर आलेले असतात, त्यामुळे टपोरेपणा हा दोष नाही. एक डोळा दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त बाहेर आलेला असणे हा मात्र दोष आहे, कारण त्यामागे दाताच्या मुळाशी झालेले गळू असू शकते.

डोळा किती उघडा आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. जागा आणि सावध गिनी पिग डोळे पूर्ण उघडे ठेवतो. पुष्कळदा तो झोपतोही डोळे उघडे ठेवूनच. म्हणून भर दिवसा, पिंजऱ्याजवळ माणूस असताना, डोळे अर्धवट मिटलेला गिनी पिग पाहिला की मी सावध होते. चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांसाठी ती प्रथम मांडली आणि पुढे उंदरांच्या मोठ्या जातींसाठी आणि सशांसाठीही तशा मोजपट्ट्या तयार झाल्या. त्यांत डोळ्याभोवतालचा भाग आवळला जाणे, नाक आणि गालांचा आकार बदलणे, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा यांना गुण दिले जातात. यातून घरच्या माणसाने घ्यावे असे काही असेल तर ते हे की, एका फोटोवर निर्णय घेऊ नये आणि झोपलेल्या किंवा अंग चाटत असलेल्या प्राण्याच्या चेहऱ्याला गुण देऊ नयेत, कारण त्या दोन्ही वेळी डोळे एरवीही आवळलेले असतात. त्याऐवजी फोन शेजारी टेकवून पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, आपण तिथून उठून जावे आणि नंतर त्यातली चारपाच चित्रे थांबवून पाहावीत. माणूस दूर गेला की प्राण्याचे झाकणे संपते. मामेबहिणीकडून मी असा व्हिडिओ मागवला. ती पिंजऱ्यासमोर असताना चिंगीचे डोळे टपोरे होते. ती स्वयंपाकघरात गेल्यावर तीन मिनिटांच्या आत ते निम्म्यावर आले आणि तसेच राहिले.

बसण्याची ढब समजायला बाजूने काढलेला फोटो लागतो. निरोगी गिनी पिग उभा असताना मान पुढे, पाठीची रेषा खांद्यापासून शेपटाच्या जागेपर्यंत हलकी, सलग कमानीची आणि वजन चारही पायांवर सारखे असते. आराम करताना तो मागचे पाय एका बाजूला पसरून चपटा होतो. नव्या मालकाला त्याला लकवा झाल्यासारखे वाटते, पण डोळे उघडे आणि कान सैल असतील तर ती निवांतपणाची खूण आहे. दुखणारा प्राणी याच्या उलट आखडतो: पाठ मध्यभागी वर येते, डोके खाली जाते, चारही पाय पोटाखाली घेतले जातात आणि तो कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. पोटात वायू धरला असेल तर ही कमान अधिक ठळक असते आणि वरून काढलेल्या फोटोत दोन्ही बाजू ढोलासारख्या फुगलेल्या दिसतात. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज अन्नातूनच मिळावे लागते. ते सुमारे दोन आठवडे मिळाले नाही तर सांधे सुजतात आणि प्राणी चालायला कुरकुरतो, फोटोत मागचे पाय अवघडून ठेवतो आणि केसही निस्तेज होतात. रोजची गरज वजनाच्या दर किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम असते आणि ढोबळी मिरचीची एक फोड रोज दिली तर ती बरीचशी भागते. पॅकेटमधल्या गोळीखाद्यातले क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने आणि दिवस गेल्याने कमी होत जाते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या पॅकेटवर विसंबून राहू नये.

याच उन्हाळ्यामुळे आणखी एक ढब ओळखता यायला हवी. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतही तापमान गिनी पिगला न सोसणारे होते. उन्हाचा त्रास झालेला प्राणी आखडून बसत नाही, तर कुशीवर सपाट पडतो, तोंड उघडे राहते, लाळ येते आणि पोट भराभर वरखाली होते. निवांत पसरलेला प्राणी आणि उन्हाने आडवा झालेला प्राणी एका फोटोत सारखे दिसू शकतात. उघडे तोंड हा त्यांतला फरक आहे. गिनी पिग नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे उघड्या तोंडाचा फोटो आला की आणखी फोटो न मागता त्याला थंड खोलीत हलवून, ओल्या फडक्याने कान आणि पाय पुसत, लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगावे.

हॅमस्टरमध्ये सर्वात घातक फोटो मागच्या बाजूचा असतो. तीन ते दहा आठवड्यांचे पिल्लू दुकानातून नुकतेच आणलेले असते, ते आखडून बसते, डोळे अर्धे मिटलेले असतात आणि शेपटीभोवतीचे केस ओले, मळलेले दिसतात. घर बदलल्याने बावरले असेल असे समजून दोन दिवस थांबले जाते, आणि तेवढ्यात ते दगावते. हा आतड्याचा जिवाणूजन्य आजार आहे. ओली शेपटी दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत पिल्लू जाऊ शकते. गालांच्या बाबतीत मात्र उलट आहे. दोन्ही गाल मानेपर्यंत फुगलेले दिसले की लोक गाठ समजतात, पण त्या दाणे साठवण्याच्या पिशव्या आहेत आणि घरट्यात गेल्यावर त्या रिकाम्या होतात. एकच गाल दुसऱ्या दिवशीही तसाच फुगलेला असेल तर आत काही अडकले आहे किंवा पिकले आहे असे समजावे.

पुन्हा चिंगीकडे. तिच्या फोटोत पाठ किंचित वर होती, केस किंचित उभे होते, माणूस दूर गेल्यावर डोळे निम्मे मिटत होते आणि हनुवटी ओली होती. यांतली कोणतीही एक खूण एकटी आली असती तर मी वाट पाहिली असती, कारण पाण्याच्या बाटलीखाली तोंड धरूनही हनुवटी ओली होते. पण पाणी सुकते. तासाभराने काढलेल्या दुसऱ्या फोटोतही तो भाग तसाच ओला होता. मग मी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, जुना फोटो. डिसेंबरच्या सुरुवातीच्या फोटोत गाल भरलेले होते. आता डोळ्याखालचा भाग सपाट झाला होता आणि चेहरा लांबोडका दिसत होता. मोकळ्या सोडलेल्या केसांमागे जसा माणसाच्या मानेचा बारीकपणा लपतो तसे अंगाच्या केसांमागे रोडावणे लपले होते, पण चेहऱ्यावर केस आखूड असल्याने ते तिथे उघडे पडले. दुसरी, वजन. दिवाळीत स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ९८० ग्रॅम भरली होती. त्या सकाळी ८३० भरली. म्हणजे सुमारे १५ टक्के वजन गेले होते आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण चिंगी रोज उत्साहाने ताटलीकडे धावत होती. मी तिला काकडीचा तुकडा देऊन पाहायला सांगितले. चिंगीने तो उचलला, दोनदा जबडा हलवला आणि खाली टाकला.

भूक आहे, खाता येत नाही, लाळ हनुवटीवर उतरते: हे दाढांचे दुखणे असण्याची शक्यता फार मोठी होती. गिनी पिगचे सर्व २० दात आयुष्यभर वाढत राहतात आणि सुके गवत तासन्‌तास दळत राहिल्यानेच ते झिजतात. चिंगीच्या घरी पावसाळ्यानंतर गवताची पार्सले अनियमित झाली होती आणि त्याऐवजी गोळीखाद्य जास्त दिले जात होते, जे दोन-तीन चाव्यांत विरघळते आणि दाढा झिजवत नाही. झिज कमी झाली की खालच्या दाढा आत कलत जातात आणि जिभेवर पुलासारख्या भेटतात. जीभ अडकते, गिळता येत नाही. समोरचे दात नीट दिसत असले तरी मागे हे होऊ शकते, म्हणून "तिचे दात मी पाहिले, चांगले आहेत" या वाक्यावर समाधान मानता येत नाही. दाढा फोटोत दिसत नाहीत आणि घरी तोंड उघडूनही दिसत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडचे बारीक उपकरण आणि बहुतेक वेळा भूल लागते.

तीच संध्याकाळ न दवडता मामेबहीण चिंगीला लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे घेऊन गेली. खालच्या दाढांचा पूल खरोखरच तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दाढा घासून योग्य उंचीवर आणल्या, वेदनाशामक दिले आणि पुढचे आठ दिवस गवताची पूड पाण्यात कालवून दर तीन-चार तासांनी सिरिंजने भरवायला सांगितले. हे भरवणे उपचाराइतकेच महत्त्वाचे असते, कारण गिनी पिगचे आतडे सतत चालू राहावे लागते आणि बारा तास पोटात काही गेले नाही तर ते मंदावू लागते. डॉक्टर मिळेपर्यंत घरातले माणसांचे औषध देणे किती धोक्याचे आहे, हेही इथे सांगायला हवे: पेनिसिलिनच्या कुळातली ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिली तर गिनी पिग आणि हॅमस्टर या दोघांच्याही आतड्यांतले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि मूळ आजाराऐवजी औषधानेच प्राणी जातो.

फोटोतून जे कळले नाही त्याची यादी तितकीच मोठी होती. श्वासाचा आवाज, शरीराचे तापमान, पोट दाबल्यावर दुखते का, लेंड्या लहान झाल्या आहेत का, हे काहीच दिसत नव्हते. म्हणून आता फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी सोबत तीन ओळी लिहायला सांगते: आजचे वजन आणि मागच्या आठवड्याचे वजन, शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले, आणि आजच्या लेंड्यांचा एक वेगळा फोटो एखाद्या रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. वजन १० टक्क्यांनी उतरले असेल तर फोटो कितीही छान आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सहा आठवड्यांनी फेरतपासणीच्या दिवशी मामेबहिणीने पुन्हा तसाच फोटो पाठवला, त्याच खिडकीपाशी, बाजूने. हनुवटी कोरडी होती, पाठीवरचे केस अंगासरसे बसले होते आणि काट्यावर ९२० ग्रॅम भरले होते. चिंगीच्या डाव्या डोळ्यात पांढऱ्या पाण्याचा थेंब होता आणि पंजा त्याच्याकडे निघाला होता.